ठरावीक रिझोल्यूशनवर प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला अडवेल का, हे कसे ओळखावे

नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले की पहिली शंका हीच येते की आहे तो प्रोसेसर त्या कार्डाला पुरेल का. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे भरली की ‘इतके टक्के बॉटलनेक’ असा आकडा देणारी संकेतस्थळे आहेत, पण त्या आकड्यावर विसंबून खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता गेम, त्यातला कोणता प्रसंग आणि कोणती सेटिंग्ज हे धरल्याशिवाय अशा टक्केवारीला अर्थ उरत नाही. हा प्रश्न घरच्या घरी, जुने कार्ड काढण्याआधीच, बऱ्यापैकी अचूकपणे सोडवता येतो. त्यासाठी दोन आकडे लागतात: तुमचा प्रोसेसर त्या गेममध्ये सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करून देऊ शकतो, आणि नवे कार्ड तुमच्या रिझोल्यूशनवर किती फ्रेम रंगवू शकते. यांतला जो लहान, तोच पडद्यावर दिसतो.

आधी हे लक्षात घ्यावे: रिझोल्यूशनचा भार कोणावर पडतो

प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर गेममधल्या पात्रांच्या हालचाली, टकरी आणि नियम यांचा हिशेब करतो आणि कोणकोणत्या वस्तू काढायच्या याच्या आज्ञा कार्डाकडे पाठवतो. चौकात चाळीस माणसे उभी असतील तर ती लहान पडद्यावरही चाळीसच असतात, त्यामुळे रिझोल्यूशन बदलल्याने प्रोसेसरचे काम जवळजवळ बदलत नाही. कार्डाला मात्र त्या आज्ञांवरून एकेक पिक्सेल रंगवायचा असतो. १९२० × १०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख, आणि ३८४० × २१६० मध्ये सुमारे ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रत्यक्षात फ्रेमदर पिक्सेलच्या नेमक्या प्रमाणात घटत नाही, कारण कार्डाची काही कामे पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसतात. तरी दिशा ठरलेली असते: रिझोल्यूशन वाढते तशी कार्डाची मर्यादा खाली येते आणि प्रोसेसरची मर्यादा जिथल्या तिथे राहते. म्हणून प्रोसेसर आणि कार्डाची तीच जोडी १०८०पीवर, म्हणजे १९२० × १०८० वर, प्रोसेसरपाशी अडू शकते आणि ४केवर, म्हणजे ३८४० × २१६० वर, प्रोसेसरची अडचण जाणवतही नाही.

पहिली पायरी: प्रोसेसरची मर्यादा मोजणे

जो गेम तुम्ही खरोखर खेळता तोच घ्यावा, आणि त्यातली सर्वांत जड जागा निवडावी. मोकळ्या मैदानात किंवा बंद खोलीत मोजलेला आकडा फसवा असतो. गर्दीचा बाजार, मोठी लढाई, वेगाने गाडी चालवताना नव्याने उलगडणारे शहर, अशा ठिकाणी प्रोसेसरची खरी कसोटी लागते. त्या जागी गेम जतन करून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी तोच मार्ग साठ सेकंद चालता येईल.

आता V-Sync बंद करावे. गेममधली आणि ड्रायव्हरमधली फ्रेमदराची बंधने काढावीत, आणि फ्रेम जनरेशनची सोय चालू असेल तर तीही बंद करावी, कारण त्यात कार्ड मधल्या फ्रेम स्वतः घडवते आणि प्रोसेसरची मर्यादा झाकली जाते. मग रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणावे. मॉनिटर १६:९ प्रमाणाचा असेल तर हेच प्रमाण कायम राहते, आणि ते राहणे महत्त्वाचे आहे. अतिरुंद मॉनिटर असेल तर त्याच प्रमाणातले लहान रिझोल्यूशन घ्यावे, कारण रुंद चित्रात बाजूच्या जास्त वस्तू दिसतात आणि तेवढा प्रोसेसरचा भारही वाढतो.

इथे एक चूक फार जण करतात, ती म्हणजे सगळी सेटिंग्ज एकदम सर्वांत खाली आणणे. गर्दीची घनता, दृश्याचे अंतर, वस्तूंचा तपशील, बऱ्याच गेममध्ये सावल्या, आणि रे ट्रेसिंग यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. ती कमी केली की प्रोसेसरची मर्यादा खोटीच उंच दिसते. पुढे ज्या सेटिंग्जवर खेळायचे आहे त्याच ठेवाव्यात आणि फक्त रिझोल्यूशन उतरवावे.

मोजणीसाठी PresentMon, CapFrameX किंवा MSI Afterburner यांपैकी काहीही चालेल. साठ सेकंदांच्या फेरीतला सरासरी फ्रेमदर आणि 1% Low, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा दर, हे दोन्ही आकडे टिपून घ्यावेत, आणि फेरी तीनदा करावी.

दुसरी पायरी: मोजली ती मर्यादा प्रोसेसरचीच आहे ना, हे पाहणे

फेरी चालू असताना कार्डाच्या वापराची टक्केवारी पाहावी. ती ९५ ते ९९च्या आसपास असेल, तर ७२०पीवरसुद्धा कार्डच अडवत आहे आणि प्रोसेसरची मर्यादा अजून हाती लागलेली नाही. अशा वेळी गेममधले रेंडर स्केल ५० टक्क्यांवर आणून पुन्हा मोजावे. तरीही वापर खाली आला नाही, तर मिळालेला आकडा ‘निदान एवढे तरी’ इतक्याच अर्थाने घ्यावा. टक्केवारी स्पष्टपणे घसरलेली असेल, उदाहरणार्थ ६०च्या आसपास, आणि फ्रेमदराला दुसरे कोणतेही बंधन नसेल, तर तुम्ही प्रोसेसरच्या मर्यादेपाशी आहात.

प्रोसेसरच्या एकूण वापराच्या टक्केवारीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. सहा कोर आणि बारा थ्रेड असलेल्या प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण थकलेला असला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के असतो. म्हणून ‘प्रोसेसर तर ४० टक्केच चालला आहे, म्हणजे तो अडवत नाही’ हा युक्तिवाद चुकीचा ठरतो. आकडा कमी दिसतो कारण बाकीचे थ्रेड मुख्य थ्रेडची वाट पाहत असतात.

तिसरी पायरी: कार्डाची मर्यादा शोधणे

नव्या कार्डाच्या प्रसिद्ध चाचण्यांमध्ये तोच गेम, तशीच सेटिंग्ज आणि तुमचे रिझोल्यूशन शोधावे. अशा चाचण्या बहुधा त्या वेळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरपैकी एकावर केलेल्या असतात, त्यामुळे तिथला आकडा कार्डाची स्वतःची ताकद दाखवतो. तरी एक पडताळणी करावी. चाचणीत १०८०पी आणि १४४०पी यांचे आकडे जवळजवळ सारखेच असतील, तर तिथला प्रोसेसरही त्या कार्डाला अडवत होता, आणि १०८०पीचा तो आकडा कार्डाची खरी मर्यादा नाही.

चौथी पायरी: दोन आकडे शेजारी ठेवणे

एक कल्पित उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, शहरात घडणाऱ्या एका गेममध्ये गर्दीच्या बाजारात ७२०पीवर सरासरी ८४ फ्रेम मिळाल्या आणि कार्डाचा वापर ६१ टक्क्यांवर होता. म्हणजे प्रोसेसरची मर्यादा ८४, अर्थात एका फ्रेमला सुमारे ११.९ मिलिसेकंद. नव्या कार्डाचे आकडे चाचणीत १०८०पीवर १५०, १४४०पीवर १०८ आणि ४केवर ६० असे आहेत.

१०८०पीवर कार्डाला एका फ्रेमसाठी ६.७ मिलिसेकंद पुरतात, पण पुढची फ्रेम ११.९ मिलिसेकंदांनी येते. पडद्यावर ८४च दिसतील आणि कार्डाचा जवळजवळ निम्मा वेळ रिकामा जाईल. १४४०पीवर कार्डाला ९.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून तिथेही ८४च दिसतील, पण वाया जाणारा वेळ बराच कमी असेल. ४केवर कार्डाला १६.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे आता प्रोसेसर कार्डाची वाट पाहतो, आणि ६० फ्रेम मिळतात. तिथे महागडा प्रोसेसर घेऊनही सरासरी ६०च्या वर जाणार नाही.

आता तिसरा आकडा आणावा, तो मॉनिटरच्या रिफ्रेश रेटचा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ८४ची मर्यादा या गेममध्ये अडचण ठरतच नाही. तो १४४ हर्ट्झचा असेल आणि १०८०पीवर तो वेग पूर्ण वापरायचा असेल, तर अडसर प्रोसेसरचा आहे आणि नुसत्या कार्डाने तो हटणार नाही. १४४०पीवर मला ही जोडी मुळीच वाईट वाटत नाही: कार्डाची उरलेली ताकद अँटी-अलायझिंग, अँबियंट ऑक्लूजन अशा मुख्यतः कार्डावर भार टाकणाऱ्या सेटिंग्जवर खर्च करता येते आणि ८४ फ्रेम तशाच राहतात.

अपस्केलिंग असेल तर हिशेब बदलतो

मॉनिटर ४के आहे म्हणून प्रोसेसरची चिंता नाही, हा समज इथे कोसळतो. चित्र लहान रिझोल्यूशनवर रंगवून मग मोठे करणाऱ्या डीएलएसएस किंवा एफएसआर यांच्या Quality पातळीवर प्रत्येक बाजू दोन-तृतीयांश धरली जाते, म्हणजे ४केच्या मॉनिटरवर चित्र आतून २५६० × १४४० मध्ये रंगवले जाते आणि Performance पातळीवर १९२० × १०८० मध्ये. वरच्या उदाहरणात Quality लावले की कार्डाची मर्यादा ६० वरून १४४०पीच्या जवळ, चित्र मोठे करण्याचा खर्च वजा जाता समजा ९५ वर जाईल, आणि प्रोसेसरची ८४ची मर्यादा पुन्हा आडवी येईल. Performance वर गेल्याने तर काहीच मिळणार नाही, चित्र मात्र खराब होईल. म्हणून तुलना करताना मॉनिटरचे रिझोल्यूशन धरू नये, चित्र ज्या रिझोल्यूशनवर रंगवले जाते ते धरावे.

हा अंदाज कुठे चुकू शकतो

ड्रायव्हरचे काम प्रोसेसरलाच करावे लागते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरचा भार सारखा नसतो. जुने कार्ड एका कंपनीचे आणि नवे दुसऱ्या कंपनीचे असेल, तर जुन्या कार्डावर मोजलेली प्रोसेसरची मर्यादा थोडी वरखाली होईल, आणि प्रोसेसर जुना असेल तर हा फरक अधिक जाणवतो. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या मर्यादांतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर मी निकाल ‘बरोबरी’ असाच धरतो.

मोजलेली मर्यादा अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली, तर प्रोसेसर बदलण्याआधी रॅम तपासावी. एकच पट्टी लावलेली असणे किंवा रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे XMP अथवा EXPO बायोसमध्ये बंद असणे, या दोन्ही गोष्टी प्रोसेसरला डेटासाठी ताटकळत ठेवतात आणि त्याची मर्यादा खाली ओढतात.

शेवटी, सरासरी ठीक असूनही चित्राला मध्येच झटके बसत असतील, तर लगेच प्रोसेसरला दोष देऊ नये. टेक्स्चरची पातळी दोन पायऱ्या खाली आणून तीच फेरी पुन्हा करावी. झटके थांबले तर कार्डाची मेमरी अपुरी पडत होती. तसेच राहिले आणि 1% Low ७२०पीवरही तितकेच कमी असेल, तर मूळ बहुधा प्रोसेसरच्या किंवा गेमच्या बाजूला आहे, आणि रिझोल्यूशन कितीही बदलले तरी ते झटके जाणार नाहीत.