त्रिकोणासनाचा फोटो पाहून आसन करताय? या चुका टाळा

आमच्या सकाळच्या वर्गात येणाऱ्या एका काकूंनी कॅलेंडरवरचा त्रिकोणासनाचा फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. तीन आठवडे त्या रोज तो बघून आसन करत होत्या आणि उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. "पण फोटोतल्यासारखा माझा हात जमिनीला लागतो हो," असं त्यांचं म्हणणं. करून दाखवायला सांगितलं तर हात खरंच लागत होता. मात्र छाती जमिनीकडे वळली होती, वरच्या बाजूच्या बरगड्यांचा घुमट झाला होता आणि गुडघ्याची वाटी आत, दुसऱ्या पायाकडे बघत होती.

फोटो चांगला होता. तो कुठून वाचायला सुरुवात करायची, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फोटोत पाय फाकवून उभी असलेली एक मुलगी आहे. उजवं पाऊल बाहेर वळलेलं, उजवा हात पावलाशेजारी जमिनीवर, डावा हात सरळ वर आणि नजर वरच्या अंगठ्याकडे. पहिल्यांदा बघणाऱ्याचं लक्ष हातांकडेच जातं. त्रिकोणासन मात्र पायांपासून वर वाचायचं असतं आणि हात कुठे टेकतो हे सगळ्यात शेवटी ठरतं.

हात जमिनीला टेकवण्याची घाई

सगळ्यात जास्त त्रास होतो तो या चुकीने. बाजूला झुकताना आधी कंबरेचं हाड, म्हणजे श्रोणी, खुब्याच्या सांध्यातून कलायला हवी. मांडीच्या मागचे आणि आतले स्नायू आखडलेले असतील तर ती थोडी कलते आणि अडते. तिथून पुढे हात आणखी खाली न्यायचा म्हटलं तर शरीर चोरवाट काढतं. कणा बाजूला वाकतो, छाती खाली वळते, नितंब मागे जातं. हात टेकतो खरा, पण ज्या स्नायूंना ताण द्यायचा ते सुटून जातात आणि भार कंबरेवर व गुडघ्यावर येतो.

फोटोतल्या मुलीच्या दोन्ही कुशी बघा, काखेपासून कंबरेपर्यंत. खालची आणि वरची कूस जवळपास सारख्याच लांबीची दिसते. आपली खालची कूस चुरगळली असेल, तर हात गरजेपेक्षा खाली गेलाय असं समजा. खुर्चीची बैठक, उभी वीट किंवा स्वतःची नडगी, जिथे दोन्ही कुशी लांब राहतील तिथे हात ठेवा. गुडघ्यावर तेवढा हात दाबून ठेवू नका. अय्यंगार पद्धतीत विटा, पट्टे, खुर्ची सर्रास वापरतात ते यासाठीच, त्यात कमीपणा काही नाही.

गुडघ्याची वाटी कुठे बघते

काकूंचा गुडघा का दुखला, याचं उत्तर पावलात आणि खुब्यात होतं. दोन पावलांत साधारण 3 ते साडेतीन फूट अंतर घ्यायचं. उंची कमी असेल तर त्याहून कमी. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत. उजव्या टाचेपासून मागे सरळ रेघ ओढली तर ती डाव्या पावलाच्या कमानीतून जावी. आता उजव्या गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवी. पाऊल बाहेर आणि वाटी आत, म्हणजे गुडघा पिळला जातोय. पाऊल वळवलं म्हणून मांडी आपोआप वळत नाही. ती खुब्यातून मुद्दाम बाहेर वळवावी लागते.

इथे एक जुनी सूचना नडते. 'दोन भिंतींच्या मध्ये उभे असल्यासारखे राहा' असं शिकवतात आणि फोटोतही शरीर अगदी सपाट दिसतं. मग नवशिके दोन्ही खुबे जबरदस्तीने समोर आणायला बघतात. बहुतेकांच्या सांध्यांना ते झेपत नाही आणि त्या ओढीने पुढची मांडी आत फिरते. माझं मत स्पष्ट आहे: वाटी दुसऱ्या बोटावर राहावी म्हणून वरचा खुबा थोडा पुढे आला तरी येऊ द्या आणि छाती मात्र वर वळवा.

दुसरी खोड म्हणजे 'पाय सरळ' म्हटलं की गुडघा मागे ढकलून लॉक करणं. ज्यांचे सांधे सैल असतात त्यांना ताण जाणवतच नाही आणि आसन छान जमलंय असं वाटतं. अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा जमिनीत दाबा, मांडीचे पुढचे स्नायू वर खेचा आणि गुडघा केसभर सैल ठेवा.

ताण कुठे यायला हवा

फोटोखाली बहुधा 'कंबर बारीक होते, पाठदुखी जाते' असं लिहिलेलं असतं. बाजूला वाकल्याने तिथलीच चरबी झडत नाही आणि प्रत्येक पाठदुखी यावर उतरत नाही. मिळतं ते असं: मांडीच्या मागचे व आतले स्नायू लांबतात, खुबे मोकळे होतात, पायांना तोल सांभाळायची ताकद येते, बरगड्यांना फुलायला जागा मिळते. पुढच्या पायाच्या मांडीच्या मागे, मधोमध ओढ जाणवली तर बरोबर. गुडघ्याच्या मागे, बैठकीच्या हाडाशी किंवा कंबरेत टोचलं तर हात वर घ्या. श्वास अडखळायला लागला तरी तेच करा.

मान दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर वर बघू नका, समोर बघा. रक्तदाब जास्त असेल तर वरचा हात कंबरेवर ठेवा. गादी सरकण्याचा, म्हणजे स्लिप डिस्कचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोटोवरून हे आसन सुरू करू नका.

काकूंना मी भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि उजव्या पावलाशेजारी खुर्ची ठेवली. हात तिच्या बैठकीवर, चार-पाच श्वास, बस. पहिल्याच दिवशी मांडीच्या मागे ओढ जाणवली आणि त्या म्हणाल्या, "हे तर मला कधी झालंच नव्हतं." बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. फोटोत एकच बाजू होती, म्हणून तीन आठवडे त्यांनी एकाच बाजूने आसन केलं होतं! म्हणून फोटो समजावताना आधीच सांगावं की समोरून काढलेल्या फोटोत त्या मुलीचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला दिसतो आणि दोन्ही बाजू तितकाच वेळ करायच्या असतात.

स्वतःला तपासायचं तर घरातल्या कुणाकडून दोन फोटो काढून घ्या. फोन कंबरेच्या उंचीवर धरायला सांगा, वरून काढला तर पाय आखूड आणि कोन चुकीचे दिसतात. एक फोटो समोरून, त्यात कुशी आणि वाटी दिसेल. दुसरा पुढच्या पावलाच्या बाजूने, म्हणजे डोक्याकडून. नितंब मागे गेलंय का, छाती खाली पडलीय का, हे त्या दुसऱ्यातच कळतं.

आसनातून बाहेर कसं यायचं हेही फोटो दाखवत नाही. झटक्याने उठू नका. पुढचा गुडघा थोडा वाकवा, मागच्या पावलाची बाहेरची कड जमिनीत दाबा आणि श्वास घेत वरच्या हाताच्या आधी छाती वर आणा. मग पावलं समोर करून दोन श्वास थांबा आणि दुसऱ्या बाजूला वळा.