यांत्रिक आणि सेंद्रिय एकतेवरील निबंधात या चुका टाळा

अभिजात समाजशास्त्रीय सिद्धांताच्या पेपरात एमिल दुर्खीमवर प्रश्न आला की नागपूरच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास सापडते: ‘श्रमविभाजन वाढते तशी माणसांना एकमेकांची गरज भासू लागते, म्हणून यांत्रिक एकतेची जागा सेंद्रिय एकता घेते आणि समाज एकत्र राहतो.’ यांत्रिक एकता म्हणजे सारख्या श्रद्धा आणि सारखे जगणे यांतून आलेली एकता; सेंद्रिय एकता म्हणजे वेगवेगळी कामे करणाऱ्या माणसांमधली एकता. हे वाक्य बरोबर वाटते आणि त्याचे काही गुणही मिळतात. पण दुर्खीमने ज्या समजुतीशी वाद घातला, नेमकी तीच समजूत त्यात त्याच्या नावावर मांडलेली असते. निबंधातल्या पुढच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघतात.

गरज म्हणजे एकता नव्हे

एकमेकांची गरज असलेली माणसे आपापल्या हितासाठी करार करतात आणि अशा करारांच्या जाळ्यातून समाज उभा राहतो, हे म्हणणे हर्बर्ट स्पेन्सरचे. दुर्खीमने 1893 च्या श्रमविभाजनावरील ग्रंथात त्याला स्पष्ट उत्तर दिले. हित माणसांना थोडा वेळ जवळ आणते, पण आज ज्याच्याशी माझे हित जुळते त्याच्याशी उद्या ते जुळेलच असे नाही. शिवाय कराराला बळ येते ते करार करणाऱ्या दोघांच्या इच्छेतून नव्हे, तर त्यांच्या आधीपासून समाजात असलेल्या नियमांतून. करारातले सगळेच काही करारातून आलेले नसते.

कळमना बाजारातला संत्र्यांचा लिलाव डोळ्यांपुढे आणला म्हणजे हा मुद्दा पक्का होतो. काटोलचा बागायतदार, अडत्या, हमाल, मापारी, ट्रकमालक आणि परगावचा व्यापारी यांची कामे वेगळी आहेत आणि एकावाचून दुसऱ्याचे अडते. पण केवळ अडते म्हणून व्यवहार तडीस जात नाही. अडत्याला परवाना लागतो, वजनमाप कायद्याने ठरलेले असते, बाजार समितीच्या कारभाराला 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याची चौकट आहे आणि पैसे थकले तर दाद मागता येते. बागायतदार आणि व्यापारी यांनी यांतला एकही नियम त्या दिवशी आपसांत ठरवलेला नसतो. दुर्खीमची सेंद्रिय एकता या नियमांत आणि ते पाळणे हे आपले कर्तव्य आहे या भावनेत आहे. नुसत्या देवघेवीत नाही. नियम तुटले आणि गरज मात्र तशीच उरली, तर त्या स्थितीला त्याने वेगळे नाव दिले आहे: नियमशून्य श्रमविभाजन. व्यापारी संकटे आणि भांडवल-कामगार संघर्ष ही त्याचीच उदाहरणे आहेत. गरज हीच एकता असती, तर या प्रकाराला सिद्धांतात जागाच उरली नसती. उत्तरात एवढे एक वाक्य आले तरी विद्यार्थ्याला विषय कळला आहे, हे परीक्षकाच्या ध्यानात येते.

बलुतेदारीला सेंद्रिय एकता म्हणणे

आपल्याकडच्या निबंधांत ही चूक सर्वांत जास्त होते आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. ‘जुन्या गावात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांची कामे वाटलेली होती, सुगीला प्रत्येकाला बलुते मिळे, म्हणून गावात सेंद्रिय एकता होती,’ असे लिहिले जाते. कामे वेगळी दिसली की सेंद्रिय, हा निकष कच्चा आहे. ही चूक ओळखण्यासाठी आपल्या उदाहरणाला दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की नियम मोडला तर काय होते? दुर्खीमच्या मते एकता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा अभ्यास तिच्या दृश्य खुणेवरून, म्हणजे कायद्यावरून करावा लागतो. जिथे नियमभंगाने सामूहिक जाणीव, म्हणजे समाजातल्या सर्वांच्या समान श्रद्धा आणि भावना, दुखावते आणि समाज अपराध्याला शिक्षा करतो, तिथे दंडात्मक कायदा आणि यांत्रिक एकता असते. जिथे बिघडलेला व्यवहार पूर्ववत करण्यावर भर असतो, तिथे भरपाईचा कायदा आणि सेंद्रिय एकता असते. आता जातीबाहेर लग्न करणाऱ्याचे काय होत असे ते पाहावे. जातपंचायत त्याच्याकडून नुकसान भरून घेत नसे; ती त्याला वाळीत टाकत असे. ही शिक्षा आहे आणि ती साम्यावर उभ्या असलेल्या एकतेची खूण आहे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तिचा जोर किती टिकाऊ होता ते दिसते.

दुसरा प्रश्न असा की काम कोणी आणि कसे वाटले? दुर्खीमच्या मते श्रमविभाजनातून एकता निर्माण होते ती व्यक्तीची नैसर्गिक कुवत आणि तिच्या वाट्याला आलेले काम यांचा मेळ बसतो तेव्हा, आणि त्यासाठी स्पर्धेच्या बाह्य परिस्थितीत समानता लागते. जन्माने काम ठरत असेल, तर ते सक्तीचे श्रमविभाजन होय, आणि या विकृत प्रकाराची चर्चा करताना त्याने वर्गांबरोबर जातींचाही उल्लेख केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे म्हटले. दोघांची भूमिका एकच आहे असे लिहू नये, कारण आंबेडकरांच्या विवेचनात श्रमिकांची श्रेणीबद्ध उतरंड केंद्रस्थानी आहे. पण व्यक्तीची कुवत आणि निवड डावलली जाते या मुद्द्यावर दोन्ही युक्तिवाद एकमेकांजवळ येतात आणि तेवढी तुलना निबंधात शोभते.

तेव्हा दुरुस्त परिच्छेद साधारण असा होईल: ‘बलुतेदारीत कामांची विभागणी होती, परंतु जातीच्या आत एकता साम्यावर आणि दंडात्मक नियमांवर टिकून होती, तर जातीजातींमधली विभागणी जन्माने लादलेली होती. म्हणून दुर्खीमच्या परिभाषेत तिला सेंद्रिय एकतेचे उदाहरण न म्हणता यांत्रिक एकता आणि सक्तीचे श्रमविभाजन यांचा संयोग म्हणणे अधिक योग्य ठरते.’

कारणाच्या जागी फायदा लिहिणे

श्रमविभाजन का वाढते, या प्रश्नाला ‘उत्पादन वाढते आणि माणूस सुखी होतो म्हणून’ असे उत्तर दिले जाते. दुर्खीमने सुखाचे कारण नाकारले आहे. लोकसंख्या वाढते, माणसे दाट वस्तीत राहू लागतात, दळणवळणाने त्यांचा परस्परसंबंध वाढतो आणि सारखीच कामे करणाऱ्यांमधली झुंज तीव्र होते. वेगळे काम धरल्याने त्यांना एकमेकांना न संपवता शेजारी जगता येते. हा क्रम याच साखळीने लिहावा. मात्र झुंजीचा शेवट स्थलांतरात किंवा विनाशातही होऊ शकतो; ती विशेषीकरणाकडेच वळते, कारण त्या माणसांमध्ये आधीच काही सामाजिक बंध असतात. यांत्रिक एकता आधी हवी ती यासाठी, आणि म्हणूनच ती पुढेही पूर्णपणे नाहीशी होत नाही. आधुनिक समाजात सामूहिक जाणीव आकुंचन पावते, पण व्यक्तीच्या प्रतिष्ठेपुरती ती अधिक बळकट होते.

टीका कुठे करावी

शेवटच्या परिच्छेदात ‘हा सिद्धांत आज लागू पडत नाही’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कायद्याच्या निर्देशकावर बोट ठेवावे. श्वार्ट्झ आणि मिलर यांनी 1964 मध्ये 51 समाजांची तुलना केली, तेव्हा साध्या समाजांतही नुकसानभरपाई आणि मध्यस्थी आढळली, तर शिक्षा अंमलात आणणारी पोलिसांसारखी यंत्रणा श्रमविभाजन बरेच वाढलेल्या समाजांत दिसली. कायद्याचा प्रवास दंडाकडून भरपाईकडे होतो, या दाव्याला त्यामुळे मोठा तडा जातो. पण तो तडा निर्देशकाला आणि त्यावर रचलेल्या कालक्रमाला आहे. परस्परावलंबन नियमांवाचून टिकत नाही, या स्पेन्सरविरोधी युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही, हे निबंधात वेगळे करून लिहावे.