दहावीच्या पालकसभेत वेळापत्रक पालकांकडूनच भरून घ्या

दहावीच्या पालकसभेचं सादरीकरण पाच-सहा स्लाइडांत आणि वीस मिनिटांत संपवा. त्यातली दहा मिनिटं एकाच स्लाइडला द्या: मुलाची एक संध्याकाळ. उदाहरणार्थ, साडेपाचला घरी, सातपर्यंत खाणं आणि खेळ, सात ते नऊ गणित भाग 1 ची जुनी प्रश्नपत्रिका, मग जेवण, साडेनऊ ते दहा चुकलेली गणितं पुन्हा, साडेदहाला झोप. दोन तासच का? कारण बोर्डाचा तो 40 गुणांचा पेपर दोन तासांचाच असतो. भाषेच्या 80 गुणांच्या पेपरला तीन तास लागतात, म्हणून तो सराव रविवारी सकाळी 11 वाजता, खऱ्या परीक्षेच्या वेळेला ठेवायचा.

आता पालकांना कोरा कागद द्या आणि आपल्या घरची संध्याकाळ लिहायला सांगा. क्लासहून आठला परतणाऱ्या मुलाचे दोन तास कुठे बसणार, ते तिथेच कळतं. अशा वेळी पूर्ण पेपर शनिवारवर ढकला, रोज अर्धा तास चुकांना ठेवा. आदर्श वेळापत्रकाची झेरॉक्स वाटू नका. ती फ्रिजवर चिकटते, बस्स.

पालकांचं काम नेमकं सांगा: घड्याळ लावणं, त्या वेळेत टीव्ही बंद ठेवणं, आणि ‘किती मार्क पडले?’ऐवजी ‘कुठलं गणित अडलं?’ विचारणं. ‘लक्ष द्या’ म्हटलं की घरोघरी फक्त ओरडा वाढतो. एखाद्या मुलाचे गुण मात्र पडद्यावर दाखवू नका, नाव झाकूनही. ते कोणाचे, हे वर्गात लगेच ओळखलं जातं.