सहा टोप्या वापरून धंद्याची कल्पना निवडताना : या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या पाच जणींकडे मिळून तीन लाख रुपये होते आणि समोर तीन कल्पना होत्या. पहिली, रातांब्यांचं आगळ काढून बाटल्या विकायच्या. दुसरी, तालुक्याच्या गावी पोळी-भाजी केंद्र सुरू करायचं. तिसरी, एकीच्या घरातल्या दोन रिकाम्या खोल्या पर्यटकांना न्याहारीसकट राहायला द्यायच्या. एडवर्ड डी बोनो यांनी 1985 साली मांडलेली सहा टोप्यांची पद्धत त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकली होती. पांढरी टोपी माहितीची, लाल मनाला काय वाटतं त्याची, पिवळी फायद्याची, काळी धोक्याची, हिरवी नव्या वाटांची आणि निळी बैठक चालवण्याची. पहिली बैठक त्यांनी स्वतःच घेतली. ती दीड तास चालली, दोघी रुसून घरी गेल्या आणि ठरलं काहीच नाही. दुसऱ्या बैठकीला त्यांनी मला बोलावलं.

प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळी टोपी

टोप्या सहा आणि माणसं पाच, तेव्हा एकेक वाटून घेऊ, असं बहुतेक गटांना सुचतं. या गटानेही तेच केलं. हिशोब ठेवणाऱ्या ताईंना काळी टोपी मिळाली. त्यांना स्वतःला आगळाची कल्पना मनापासून आवडली होती, तरी दीड तास त्या तिच्यातल्या खोटी काढत बसल्या, कारण काम तेच दिलं होतं. कल्पना जिची होती तिला वाटलं, ताई आपल्या मुळावर उठल्यात.

डी बोनोंच्या पद्धतीत सगळे एका वेळी एकच टोपी घालतात. काळी टोपी आली की जिची कल्पना आहे तीही तिच्यातले धोकेच सांगते, आणि पद्धतीचा सगळा जोर तिथे आहे. रातांबे कधी कुजतात, झाडाखालचे कधी वेचायचे, मीठ कमी पडलं तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. टोपी बदलल्यावर तिनेच सांगितलं, "पहिला पाऊस लवकर आला तर निम्मं फळ हातचं जातं." आधीच्या बैठकीत ती हे बोलणं शक्य नव्हतं, कारण ती बचावाला उभी होती. तुमच्या गटात "ती काय, काळ्या टोपीचीच" असं कुणाबद्दल ऐकू आलं, तर टोप्या माणसांना चिकटल्या आहेत असं समजा.

एक कल्पना संपवून मग दुसरी

कल्पना एकच असेल तर हा प्रश्न येत नाही, पण तीन असतील तर हीच चूक सगळ्यात महागात पडते. गट पहिली कल्पना घेतो, तिच्यावर सहाही टोप्या फिरवतो, मग दुसरी, मग तिसरी. पहिल्या कल्पनेला ताजी डोकी मिळतात आणि तिसऱ्या कल्पनेच्या वेळी कुणाचं लक्ष चुलीकडे, कुणाचं गाडीच्या वेळेकडे असतं. शिवाय पहिल्या कल्पनेला विचारलेले प्रश्न तिसरीला विचारलेच जात नाहीत. या गटाच्या जुन्या कागदावर आगळाखाली अकरा मुद्दे होते आणि खोल्यांखाली तीन. खोल्यांची कल्पना वाईट म्हणून नव्हे, शेवटी आली म्हणून तिच्यावर तीनच मुद्दे निघाले.

म्हणून मी टोपी धरून चालते. पांढरी टोपी तिन्ही कल्पनांवर, मग पिवळी तिन्हींवर, मग काळी. दर वेळी सुरुवात वेगळ्या कल्पनेपासून : पांढऱ्यात आगळ आधी, पिवळ्यात पोळी-भाजी, काळ्यात खोल्या. एका कल्पनेवर प्रत्येकीला साधारण एक मिनिट धरलं तर पाच जणींच्या तीन कल्पनांना एका टोपीसाठी पंधरा मिनिटं लागतात. हिरव्या टोपीला दहा मिनिटं आणि लाल टोपी दोनदा थोडी थोडी धरून सगळं सव्वा तासात बसतं. पिवळी काळीच्या आधी ठेवा. धोके एकदा फळ्यावर आले की फायदे शोधायला मन वळत नाही.

पांढऱ्या टोपीत अंदाज माहितीच्या वेशात येतात. "पर्यटकांना घरगुती जेवण आवडतं" ही माहिती नाही. "मेमध्ये आमच्या वाडीतल्या दोन घरांत मिळून नऊ कुटुंबं राहून गेली" ही माहिती. फळ्याचे दोन भाग करा, एकात माहीत असलेलं आणि दुसऱ्यात विचारून यायचं. इथे दुसरा भाग भरत गेला, कारण पोळीमागे गॅस किती लागतो हेही कुणी मोजलं नव्हतं. तेव्हा मी बैठक तिथेच थांबवली आणि चार दिवसांनी पुढची घेतली. माहिती नसताना काळी टोपी घातली तर नुसती भीती बाहेर येते.

लाल टोपीत "का?" विचारू नका. कारण विचारलं की माणूस मनातलं सोडून पटण्याजोगं काहीतरी शोधू लागतो. प्रत्येकीने चिठ्ठीवर तिन्ही कल्पनांना एक ते पाच आकडा द्यायचा, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, अर्ध्या मिनिटात काम संपतं. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. पोळी-भाजीला सुरुवातीला चार जणींनी चार किंवा पाच दिले होते. पहाटे चारला उठून रोज तालुक्याला जायचं, एकही दिवस खाडा चालणार नाही, हे काळ्या टोपीत आल्यानंतर शेवटच्या चिठ्ठ्यांत तिथे दोनच्या वर कुणी गेलं नाही.

मुद्दे मोजून निकाल

काळ्याखाली नऊ मुद्दे, पिवळ्याखाली सहा, म्हणून कल्पना बाद, असा हिशोब करू नका. टोप्या मुद्दे बाहेर काढतात, त्यांचं वजन सांगत नाहीत. निळ्या टोपीत काळ्याखालच्या प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारा : हा पैशाने किंवा कष्टाने भरून निघेल, की कल्पनाच मोडेल? खोल्यांना स्वतंत्र संडास-न्हाणीघर नाही, हा पहिल्या प्रकारातला. आगळाचा मुद्दा अवघड होता. फळ एप्रिल-मेमध्येच घ्यावं लागतं, विक्री वर्षभर होते, म्हणजे तीन लाखांतला मोठा भाग मेमध्ये बाटल्यांत अडकतो. यावर हिरवी टोपी घातली तेव्हा एकीने सुचवलं की आगळ आधी खोल्यांत येणाऱ्या पाहुण्यांनाच द्यावं आणि जाताना विकावं. तेवढ्यापुरतं फळ स्वतःच्या आवारातल्या झाडांचं पुरतं, विकत घ्यावं लागत नाही.

दोन कल्पना अशा जुळल्या. पहिल्या वर्षी एकाच खोलीचं न्हाणीघर बांधायचं आणि आगळाच्या साठ बाटल्या भरायच्या, एवढं कागदावर लिहिलं. गवंड्याला विचारायची जबाबदारी हिशोबाच्या ताईंनी घेतली.