फ्रेम रेट दुप्पट, तरी माउस जड? या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या एका मित्राच्या पीसीवरची तक्रार घ्या. 1080p, 144 हर्ट्झचा मॉनिटर, आरटीएक्स 4060 कार्ड. रे ट्रेसिंगसह गेम 38 एफपीएसवर चालायचा. त्याने थेट फ्रेम जनरेशन लावलं, ज्यात दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कार्ड स्वतः एक फ्रेम बनवून घालतं. काउंटर 66 दाखवू लागला, पण नेम धरताना कॅमेरा हाताच्या मागून येऊ लागला.

पहिली चूक इथेच आहे. त्या 66 मधल्या 33 फ्रेम्सच खऱ्या आहेत. मधली फ्रेम बनवायला कार्डाचाही वेळ जातो, म्हणून 38 चे 33 झाले. गेम माउसची हालचाल फक्त खऱ्या फ्रेमला वाचतो आणि आता अशा दोन फ्रेम्समध्ये 26 ऐवजी 30 मिलिसेकंद जातात. शिवाय मधली फ्रेम काढायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते. ती तयार झाली तरी रोखून धरली जाते, म्हणजे साधारण अर्ध्या फ्रेमचा उशीर आणखी वाढतो. चित्र गुळगुळीत दिसतं, हात मात्र जड होतो.

म्हणून क्रम उलटा करा. फ्रेम जनरेशन बंद ठेवून आधी अपस्केलिंग लावा, म्हणजे गेम कमी पिक्सेलवर चित्र काढतो आणि मग ते मोठं केलं जातं. एनव्हिडियाच्या डीएलएसएस अपस्केलिंगमध्ये 'क्वालिटी' मोडवर 1080p साठी गेम आतून 1280×720 वर चित्र काढतो, म्हणजे पिक्सेल निम्म्याहूनही कमी. मित्राच्या पीसीवर त्याने 38 चे 54 झाले, रे ट्रेसिंगची पातळी एक पायरी उतरवल्यावर 65. मग फ्रेम जनरेशन लावलं. आकडा 110 च्या आसपास गेला आणि माउसचा उशीर कमी करणारं एनव्हिडियाचं रिफ्लेक्स चालू असल्याने माउसही हाताशी राहिला. एएमडीही एफएसआर 3 मधल्या फ्रेम जनरेशनसाठी आधी 60 खऱ्या फ्रेम्स असाव्यात असंच सुचवते.

दुसरी चूक म्हणजे 1080p वर 'परफॉर्मन्स' निवडणं. तेव्हा चित्र 960×540 वरून फुगवलं जातं आणि विजेच्या तारा, जाळी, झाडांची पानं चमचमतात, धावत्या पात्रामागे पुसट सावली ओढली जाते. 4K वर हाच मोड 1080p वरून सुरू होतो, म्हणून तिथे तो चालून जातो. फ्रेम जनरेशनचे डाग वेगळे ओळखू येतात. कॅमेरा झटकन फिरवा आणि पात्राच्या डोक्याच्या कडेला किंवा स्क्रीनवरच्या नकाशाच्या अक्षरांकडे बघा. तिथे चित्र थरथरत असेल, तर खऱ्या फ्रेम्स कमी पडताहेत.

'क्वालिटी'वरून 'परफॉर्मन्स'ला गेलात आणि आकडा हललाच नाही, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा आहे. मग 'क्वालिटी'वर परत या, उगाच चित्र बिघडवू नका. गर्दी आणि दूरवरच्या तपशिलाची सेटिंग्ज उतरवून बघा.

आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा कार्डाचं तापमानही बघा. तापलेलं कार्ड वेग उतरवतं आणि सकाळी 65 असलेला खरा आकडा दुपारी 50 वर येऊ शकतो. फ्रेम जनरेशनमुळे तो काउंटरवर 85 च्या आसपास दिसतो, म्हणून घसरण लक्षात येत नाही. तपासायचं असेल तर ते बंद करूनच आकडा बघा.