राउटरचे सगळे दिवे एकदम विझतात का?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आत्याकडे रोज सकाळी नेट जायचं. तक्रार नोंदवायच्या आधी मी तिला एवढंच म्हटलं, "आत्या, नेट गेलं की राउटरचे दिवे बघ." सगळेच दिवे एकदम विझले असतील तर लाइन नव्हे, वीज तुटली आहे. पॉवरचा दिवा स्थिर आणि LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा दिवा, लाल असेल, तरच फायबरकडे बघायचं.

तिच्याकडे सगळे विझत होते. राउटर ज्या सॉकेटवर होता त्याचं बटण देवघरातल्या दिव्याच्या बटणाला लागूनच. पूजा झाली की काका दोन्ही बंद करत. अडॅप्टर वेगळ्या सॉकेटला लावला आणि त्या बटणावर चिकटपट्टी मारली.

तरीही दिवसातून एकदोनदा राउटर आपोआप चालू-बंद होई. मग राउटरमागची गोल पिन बोटाने हलकेच हलवली, तर दिवे लुकलुकले. अडॅप्टर पूर्वी बदललेला होता. या पिना बाहेरून सारख्याच दिसतात, पण आतलं भोक २.१ मिमी किंवा २.५ मिमी असतं. मोठ्या भोकाची पिन बारीक खुंटीवर बसते खरी, पण सैल राहते. कागद कोंबून ती घट्ट करू नका, सैल जोड तापतो.

नवा अडॅप्टर घेताना राउटर सोबत न्या. व्होल्ट राउटरवर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि अधिक-उण्याची खूणही तीच.