हार्मोनच्या रक्ततपासण्यांची तयारी : कोणत्या दिवशी काय, आणि का

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल, दुसरा किंवा तिसरा दिवस’ असे लिहून दिले, की पहिली अडचण येते ती पाळीचा पहिला दिवस कोणता धरायचा याची. नुसते डाग दिसले तो दिवस मोजू नये. पॅड घ्यावे लागेल असा रक्तस्राव ज्या दिवशी सुरू झाला, तो पहिला दिवस. रात्री उशिरा पाळी सुरू झाल्यास बहुतेक ठिकाणी त्यानंतर उजाडणारा दिवस हाच पहिला धरतात, पण आपले डॉक्टर कसे मोजतात हे आधीच विचारून ठेवावे. ही तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि नमुना देताना लॅबच्या अर्जावरही लिहायला सांगावे, कारण रिपोर्टवर सहसा नमुना घेतल्याची तारीख असते, पाळीची नसते. आणि पाळीचा दिवस माहीत नसेल तर पुढचे अर्धे आकडे वाचता येत नाहीत.

गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव हा औषध थांबल्यामुळे आलेला असतो. तो नेहमीच्या पाळीसारखा पहिला दिवस म्हणून धरायचा की पुढच्या पाळीची वाट पाहायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. आपण फक्त गोळ्यांचे नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख त्यांच्यापुढे ठेवावी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी हेच लागू पडते.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान रक्त घेण्याचे कारण असे, की त्या वेळी अंडाशय शांत असतो आणि मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला त्याला कामाला लावण्यासाठी किती जोर लावावा लागतो, हे एफएसएचवरून दिसते. स्त्रीबीजांचा साठा कमी होत गेला, की हा जोर वाढतो आणि आकडा चढतो. एफएसएच 10 च्या वर गेल्यावर डॉक्टर सहसा अधिक लक्ष घालतात. मात्र एफएसएच एकट्याने करू नये, त्याच नमुन्यात इस्ट्राडिऑल हे अंडाशयाचे हार्मोन असायलाच हवे. समजा, रिपोर्टमध्ये एफएसएच 7 आले आणि घरच्यांनी ‘नॉर्मल आहे’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला, पण शेजारच्या ओळीत इस्ट्राडिऑल 110 पिकोग्रॅम आहे. या दिवसांत ते साधारण 60 ते 80 च्या आत असणे अपेक्षित असते. इस्ट्राडिऑल वाढले की ते पीयूषिकेला आवर घालते आणि एफएसएच खाली दाबले जाते, त्यामुळे येथे 7 हा दिलासा देणारा आकडा नाही. एखादे बीजपुटक लवकर वाढू लागले असेल, अंडाशयात गाठ असेल, किंवा दिवसच चुकला असेल. उत्तर सोनोग्राफीतून किंवा पुढच्या चक्रातील फेरतपासणीतून मिळते. उलट बाजूही लक्षात ठेवावी : एफएसएच एका चक्रातून दुसऱ्या चक्रात बरेच बदलते, म्हणून एकदा 11 आले यावरून कोणताही निकाल लावू नये.

त्याच चिठ्ठीवरील एलएचच्या आकड्याने अनेकींची झोप उडते, कारण एलएच एफएसएचच्या दुप्पट आले की पीसीओएस, असे कोणीतरी सांगितलेले असते. 2003 साली ठरलेल्या रॉटरडॅम निकषांत हे गुणोत्तर नाही. तिथे अनियमित बीजोत्सर्ग, पुरुषी हार्मोनचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे रूप या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात, आणि तशी लक्षणे निर्माण करणारे इतर आजार आधी वगळावे लागतात. टेस्टोस्टेरॉन सांगितले असेल तर तेही याच दिवसांत आणि सकाळीच द्यावे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत. ‘एकविसावा दिवस’ हे शब्द इतके रुळले आहेत, की तो आकडा अठ्ठावीस दिवसांच्या चक्रापुरताच आहे याचा विसर पडतो. खरा नियम असा, की पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी रक्त द्यायचे. समजा एखादीची पाळी 3 मार्चला आली आणि तिचे चक्र 34 दिवसांचे आहे. तिचा एकविसावा दिवस 23 मार्च. पण बीजोत्सर्ग पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, म्हणजे तिच्या बाबतीत विसाव्या दिवसाच्या आसपास होतो. 23 तारखेला प्रोजेस्टेरॉन जेमतेम वर येऊ लागलेले असेल आणि रिपोर्टमध्ये 0.9 नॅनोग्रॅम आले, तर ‘बीज तयारच होत नाही’ असा चुकीचा शेरा बसेल. चौतीसमधून सात वजा केल्यास सत्ताविसावा दिवस मिळतो, म्हणजे 29 मार्च. त्या दिवशी तेच प्रोजेस्टेरॉन 11 येऊ शकते. चक्र कधी 28 तर कधी 40 दिवसांचे असेल, तर एका तारखेवर भिस्त ठेवू नये. आठवड्याच्या अंतराने दोनदा नमुना द्यायचा की बीजोत्सर्गासाठी सोनोग्राफी करायची, हे विचारून घ्यावे.

आकडा 3 च्या वर असेल तर बीजोत्सर्ग झाला एवढे म्हणता येते. बीज कसे होते, नलिका मोकळ्या आहेत का, गर्भ रुजेल का, यांतले काहीही त्यातून कळत नाही. शिवाय प्रोजेस्टेरॉन रक्तात लाटांनी येते आणि काही तासांत बरेच वरखाली होते, त्यामुळे 9 आणि 14 यांची तुलना करून ‘या महिन्यात कमी पडले’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

एएमएच, थायरॉईडसाठीचे टीएसएच आणि प्रोलॅक्टिन यांना पाळीचा दिवस लागत नाही. एएमएचवरून बीजांचा साठा आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय कितपत प्रतिसाद देईल याचा अंदाज येतो, पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. कमी एएमएच असूनही दरमहा बीज येत असते. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा आकडा खाली येऊ शकतो. प्रोलॅक्टिनला दिवसापेक्षा वेळ महत्त्वाची : उठल्यावर दोनेक तासांनी, जिना धावत न चढता, थोडे बसून मग रक्त द्यावे. पित्तावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असते आणि ते प्रोलॅक्टिन वाढवते, म्हणून पाकिटावरील घटकांची नावे नीट वाचावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. मानसोपचाराच्या काही औषधांनीही ते वाढते, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत. केस आणि नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटेच कमी आणि इस्ट्राडिऑल किंवा प्रोजेस्टेरॉन खोटेच जास्त दिसते.

पाळी महिनोन्महिने येतच नसेल, तर दिवसाची वाट पाहत बसू नये. आधी गर्भधारणेची तपासणी करून मग डॉक्टर सांगतील त्या दिवशी रक्त द्यावे.

फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी आणि एकके जुळतात का ते पाहावे : काही रिपोर्ट, विशेषतः परदेशातील, इस्ट्राडिऑल पिकोमोलमध्ये देतात आणि तिथे 60 पिकोग्रॅमचे 220 होतात. शेवटचे काम नमुना दिल्यानंतरचे आहे. पुढची पाळी आली, की तिची तारीख प्रोजेस्टेरॉनच्या रिपोर्टवर पेनाने लिहावी. रक्त दिल्यापासून पाळी येईपर्यंत पाच ते नऊ दिवस गेले असतील तर नमुना योग्य वेळी घेतला गेला. दोन किंवा पंधरा दिवस गेले असतील तर आकडा काहीही असो, तपासणी पुन्हा करावी लागेल.